विषय बदलले, वाक्य तेच राहिले: परिपाठाच्या फलकावरील एका सत्राच्या सुविचारांचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका माध्यमिक शाळेतील आहे. शाळेत साधारण दहा ते पंधरा वर्षे वयाची मुले शिकतात. रोज सकाळी परिपाठाच्या वेळी पायऱ्यांजवळील फलकावर दिनांक, वार आणि सुविचार लिहिलेला असतो. एक विद्यार्थी तो आदल्या दिवशी शाळा सुटताना खडूने लिहितो आणि दुसरा विद्यार्थी सकाळी सर्वांसमोर वाचतो. सुविचार निवडण्याची जबाबदारी भाषेच्या एका शिक्षिकेकडे होती आणि अनेक सत्रांचे सुविचार एका वहीत नोंदवलेले होते. नव्या सत्रासाठी मुख्याध्यापकांनी सुविचार विषयवार असावेत अशी सूचना केली. त्यानुसार बाईंनी सोळा आठवड्यांचे सत्र आठ पंधरवड्यांत विभागले आणि प्रत्येक पंधरवड्याला एक विषय दिला: वेळ, कष्ट, वाचन, मैत्री, स्वच्छता, प्रामाणिकपणा, निसर्ग आणि एकजूट. आठवड्याचे शाळेचे दिवस पाच असल्यामुळे प्रत्येक विषयाला दहा ओळी लागणार होत्या. जुनी वही, सुविचारांचे संग्रह आणि सहकाऱ्यांच्या सूचना यांतून सत्र सुरू होण्यापूर्वीच सर्व ओळी जमवून तक्ता तयार झाला.

तिसऱ्या आठवड्यात एक विचित्र तक्रार येऊ लागली. फलक लिहिणारी मुले "बाई, हा सुविचार मागेच होऊन गेला आहे" असे सांगू लागली. बाईंनी प्रत्येक वेळी वही उघडून पाहिली आणि प्रत्येक वेळी ती ओळ पूर्वी कधीही लिहिली गेली नसल्याचे आढळले. एखाद्या मुलाचा घोळ झाला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. परंतु वेगवेगळ्या वर्गांतील मुले वेगवेगळ्या ओळींबद्दल हेच सांगत होती. मुलांची स्मरणशक्ती कमी पडत आहे असा निष्कर्ष काढणे सोपे होते. बाईंनी तो काढला नाही आणि मुलांना नेमके काय ओळखीचे वाटत आहे याचा शोध घेतला. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच होय.

साचा कसा सापडला

बाईंनी त्या तीन आठवड्यांच्या ओळी विषयांची नावे झाकून एका कागदावर एकाखाली एक उतरवून काढल्या. मग प्रत्येक ओळीतील विषयवाचक शब्द खोडून तिथे रिकामी जागा ठेवली. वेळ हा विषय असलेल्या ओळीतून 'वेळ' गेला आणि कष्ट हा विषय असलेल्या ओळीतून 'कष्ट' गेले. उरलेली वाक्ये पाहिल्यावर मुलांची तक्रार अगदी खरी असल्याचे दिसून आले, कारण निम्म्याहून अधिक ओळी तीनच साच्यांत बसत होत्या. पहिला साचा 'अमुक ही यशाची गुरुकिल्ली आहे' असा होता. दुसरा 'जो अमुक करतो तोच जीवनात पुढे जातो' असा, आणि तिसरा 'अमुकाशिवाय जीवन अपूर्ण आहे' असा होता. कष्टांच्या ओळीत 'कष्ट' काढून 'वाचन' घातले तरी ओळ तशीच उभी राहत होती आणि 'एकजूट' घातली तरीही तिचे काही बिघडत नव्हते.

तक्त्यात विषय आठ होते, परंतु मुलांच्या कानावर रोज पडणारे वाक्य जवळजवळ एकच होते. ऐकणाऱ्याला आधी वाक्याची चाल ओळखू येते आणि नाम नंतर लक्षात येते, त्यामुळे चाल तीच राहिली तर नामातील बदल कानाला पुरेसा जाणवत नाही. वही भरलेली असूनही मुलांना पुनरावृत्ती वाटत होती, याचे कारण हे होते. विषयवार नियोजन करणाऱ्या बहुतेक शाळा फक्त विषयांची यादी बदलतात. यादी कितीही चांगली असली तरी हा दोष तिच्यामुळे दूर होत नाही.

यातून बाईंना एक कसोटी मिळाली आणि ती त्यांनी पुढे प्रत्येक ओळीला लावली. ओळीतील विषयाचा शब्द काढून तिथे दुसऱ्या एखाद्या विषयाचा शब्द घालावा. ओळ तरीही अर्थपूर्ण राहत असेल तर ती त्या विषयाची नाही, म्हणून ती वगळावी. ही कसोटी कठोर आहे. तिच्यामुळे आधी जमवलेल्या तक्त्यातील बहुतांश ओळी बाद झाल्या आणि उरलेल्या सत्रासाठी नव्याने लेखन करणे भाग पडले.

एका विषयाचे काम: ऐकणे

हे पुनर्लेखन कसे झाले हे एका विषयावरून पाहणे उपयुक्त ठरेल. मूळ यादीतील 'मैत्री' हा विषय फार पसरट असल्याचे लक्षात आल्यावर बाईंनी त्यातून 'ऐकणे' हा लहान विषय वेगळा काढला. पहिला मसुदा 'ऐकणे हा मोठा गुण आहे' असा होता. तो कसोटीत टिकला नाही, कारण 'ऐकणे' काढून 'बोलणे' किंवा 'लिहिणे' घातले तरी वाक्याला धक्का लागत नाही. दुसरा मसुदा 'चांगला श्रोताच चांगला वक्ता होतो' असा होता. यात शब्दांची अदलाबदल सहजासहजी होत नाही, तरीही ऐकणे म्हणजे नेमके काय करणे, हे वाक्य सांगत नाही. शिवाय ऐकण्याचे मोल ते बोलण्याच्या यशावर ठरवते, म्हणजे वळसा घेऊन पहिल्याच साच्यात परत येते.

येथे बाईंनी पद्धत बदलली. ऐकण्याबद्दल काय म्हणावे याचा विचार त्यांनी सोडला आणि शाळेच्या एका दिवसात ऐकणे कुठे घडते व कुठे फसते हे लिहून काढले. दोन मुले बोलत असताना एक जण दुसऱ्याचे वाक्य संपण्याआधीच उत्तर देतो. शिक्षक सूचना सांगत असताना सगळे माना हलवतात आणि नंतर एकमेकांना "काय सांगितले?" असे विचारतात. भांडण झाल्यावर दोघेही बोलतात आणि तिसरा फक्त एकाचेच ऐकतो. कमी बोलणाऱ्या मुलाचे वाक्य अर्ध्यावर तोडले जाते आणि तो ते पुन्हा सुरू करत नाही. या नोंदींतून पुढील ओळी तयार झाल्या:

"समोरचा बोलत असताना आपले उत्तर जुळवणे म्हणजे ऐकणे नव्हे."

"मान हलवली, पण सूचना काय होती?"

"भांडणाची एकच बाजू ऐकली, तर निम्मेच भांडण ऐकले."

"अर्ध्यावर तोडलेले वाक्य हळू बोलणारा पुन्हा सुरू करत नाही."

"ज्याला सगळे मध्येच थांबवतात, त्याला आज एकदा शेवटपर्यंत बोलू द्या."

या पाच ओळींच्या अर्थांइतकीच त्यांची घडणही वेगवेगळी आहे. पहिली ओळ व्याख्या नाकारते, दुसरी प्रश्न विचारते, तिसरी हिशेब मांडते, चौथी निरीक्षण नोंदवते आणि पाचवी एक लहानसे काम देते. एका आठवड्यातील पाच दिवसांसाठी पाच वेगवेगळ्या घडणी ठेवण्याचा संकेत येथूनच रूढ झाला. विधान, प्रश्न, तुलना, निरीक्षण आणि आजचे काम अशी ही विभागणी होती. ती नियम म्हणून काटेकोरपणे पाळली गेली नाही आणि ते योग्यच झाले, कारण काही विषयांत प्रश्न कृत्रिम वाटतो आणि काहींत तुलना ओढूनताणून येते. दोन लागोपाठच्या दिवशी एकच घडण येऊ नये, एवढी मर्यादा मात्र कायम ठेवण्यात आली.

आणखी काही शब्दांबद्दल सांगायला हवे. उरलेल्या सत्रासाठी बाईंनी 'यश', 'जीवन' आणि 'महान' हे तीन शब्द फलकापुरते बंद केले. या शब्दांत वाईट काहीच नाही, परंतु लिहिणारा अडला की हात आपोआप त्यांच्याकडेच वळतो. ते हाताशी नसले की नेमके काय म्हणायचे आहे हे शोधावे लागते.

विषय किती दिवस टिकतो

प्रत्येक विषयाला पंधरवडा, ही मूळ वाटणी कागदावर नीटनेटकी दिसत होती आणि व्यवहारात तीच सर्वांत आधी मोडली. ऐकण्यावर आठ दिवस पुरतील इतक्या ओळी मिळाल्या आणि त्यांतली एकही दुसरीची सावली नव्हती. याउलट स्वच्छतेवर चौथ्या दिवसापासूनच त्याच गोष्टी फिरून येऊ लागल्या. कचरा योग्य जागी टाकावा हे सांगण्याचे मार्ग थोडेच असतात आणि ते संपले की ओळ पुन्हा उपदेशाकडे झुकते.

बाईंनी म्हणून विषयाची लांबी दिनदर्शिकेवरून ठरवणे सोडून दिले. कोणत्याही विषयाच्या ओळी आधी लिहायच्या, कसोटी लावायची आणि जितक्या उरतील तितके दिवस त्या विषयाला द्यायचे, अशी पद्धत त्यांनी घेतली. त्यामुळे काही विषय तीन दिवसांचे झाले, काही आठ दिवसांचे झाले, आणि स्वच्छता हा विषय 'सगळ्यांच्या वस्तू' या अधिक रुंद विषयात मिसळला. या नव्या विषयात "बाक सर्वांचा आहे, म्हणजे तो कोणाचाच नाही असे नव्हे" आणि "नळ बंद करताना कोणी पाहत नसते, म्हणूनच ते काम आपले असते" अशा ओळी आल्या. स्वच्छता या नावाखाली त्या सुचल्या नसत्या. विषयाचे नाव जितके गुणवाचक, तितकी ओळ पोकळ होण्याचा धोका अधिक असतो, आणि विषयाचे नाव जितके एखाद्या वस्तूशी किंवा प्रसंगाशी बांधलेले, तितकी ती भरीव होण्याची शक्यता वाढते. हा नियम निरपवाद नाही, तरी या सत्रात तो बहुतेक वेळा खरा ठरला.

कोणता विषय केव्हा

विषयांचा क्रम सुरुवातीला यादीच्या क्रमानेच लावला होता. पुनर्रचनेत तो शाळेच्या सत्रात प्रत्यक्ष काय घडते त्याच्याशी जोडला गेला. सत्राच्या पहिल्या आठवड्यात नवीन मुले येतात, म्हणून तेथील योग्य विषय ओळख हा होता. "नव्या मुलाला पहिल्या दिवशी नाव विचारणारा त्याला वर्षभर आठवतो" ही ओळ त्याच आठवड्यात उपयोगी पडते आणि दहाव्या आठवड्यात निरर्थक ठरते. या शाळेत तो आठवडा आधीच निघून गेल्यामुळे ही ओळ पुढील सत्रासाठी राखून ठेवावी लागली. वेळेचे नियोजन हा विषय परीक्षेच्या आठवड्यात सर्रास लावला जातो, परंतु तेव्हा नियोजन करायला वेळच उरलेला नसतो आणि ज्याचा अभ्यास राहिला आहे त्याला ती ओळ फक्त टोचते. बाईंनी तो विषय परीक्षेच्या महिनाभर आधी आणला. त्यातील "पाच मिनिटांचे काम पाच दिवस डोक्यात कशाला ठेवायचे?" ही ओळ मुलांमध्ये बरीच फिरली.

परीक्षेच्या आठवड्यात फलकावर उपदेश येऊ द्यायचा नाही, असे ठरले. त्या दिवसांत फक्त उपयोगी सूचना वाटतील अशा ओळी होत्या: "प्रश्न दोनदा वाचा, उत्तर एकदाच लिहावे लागेल" आणि "येतात ते प्रश्न आधी सोडवा, अडलेला प्रश्न कुठे जात नाही." परीक्षेच्या दिवशी सकाळी मुलांचे लक्ष फलकावर फार काळ नसते, म्हणून त्या ओळी मुद्दाम आखूड ठेवल्या होत्या.

चूक हा विषय कुठे ठेवावा यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. बहुतेक सहकाऱ्यांच्या मते तो परीक्षेपूर्वी हवा होता, म्हणजे मुलांची भीती कमी होईल. बाईंनी तो तपासलेल्या उत्तरपत्रिका परत मिळण्याच्या आठवड्यात ठेवला. चुकीबद्दलची ओळ समजण्यासाठी समोर एखादी ठोस चूक असावी लागते, आणि त्या आठवड्यात प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःच्या चुका लाल शाईने खुणा केलेल्या अवस्थेत असतात. "खोडलेले गणितही वहीत राहू द्या, चूक कुठे झाली ते तेच सांगते" ही ओळ त्या दिवशी गणिताच्या शिक्षकांनी तासाला वापरली, आणि फलकावरची ओळ वर्गात शिरण्याचा सत्रातील तो पहिलाच प्रसंग होता. परीक्षेपूर्वी हीच ओळ लिहिली असती तर ती अक्षर सुधारण्याबद्दलची सूचना वाटली असती.

जागतिक दिवसांबाबतही निवड करावी लागली. ८ सप्टेंबरचा साक्षरता दिन किंवा ५ ऑक्टोबरचा जागतिक शिक्षक दिन असे दिवस विषयांच्या मधोमध येतात आणि प्रत्येक दिवस पाळला तर विषयाचा धागा सारखा तुटतो. ज्या दिवसाची ओळ चालू विषयातूनच लिहिता येईल तोच दिवस फलकावर घ्यायचा, हा मध्यममार्ग काढण्यात आला. ऐकण्याचा विषय चालू असताना शिक्षक दिन आला, तेव्हा "शिक्षक रोज सगळ्यांशी बोलतात, आज त्यांना एक प्रश्न विचारून ऐका" अशी ओळ लिहिली गेली. अन्य दिवसांचा उल्लेख दिनविशेष म्हणून वेगळ्या कोपऱ्यात ठेवला.

ज्या ओळी काढून टाकाव्या लागल्या

नव्या पद्धतीने लिहिलेल्या सर्वच ओळी टिकल्या नाहीत. प्रसंगाशी जवळीक साधणाऱ्या ओळीचा एक धोका असतो. ती एखाद्या विशिष्ट मुलाकडे बोट दाखवू शकते. "उशिरा आलेला एक जण सगळ्या रांगेचा वेळ घेतो" ही ओळ कसोटीत उतरली होती आणि तिची घडणही चांगली होती. परंतु ती फलकावर आली त्या सकाळी लांबून पायी येणारी दोन मुले परिपाठ सुरू झाल्यावर पोहोचली आणि संपूर्ण रांगेने त्यांच्याकडे वळून पाहिले. ओळ खोटी नव्हती, तरी शाळेत उशीर कोणाला होतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ती सामान्य विधान राहूच शकत नव्हती.

यानंतर ओळ मंजूर करण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला: ही ओळ वाचताना आपल्या शाळेतील एखाद्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो का? येत असेल तर ओळीचा कर्ता बदलायचा. टोपणनावांच्या बाबतीत हा बदल नीट साधला. 'चिडवले म्हणून रडू नये' असा एका सहकाऱ्यांनी सुचवलेला मसुदा चिडवल्या जाणाऱ्यालाच उपदेश करत होता. त्याऐवजी "टोपणनाव ठेवणारा विसरतो, ज्याला ठेवले तो विसरत नाही" ही ओळ घेतली. तिच्यात कोणालाही आदेश नाही आणि ओळीचा भार ठेवणाऱ्यावर आहे. गरिबी, घरची परिस्थिती, शरीर किंवा गुण यांच्याशी जोडलेली प्रत्येक ओळ मात्र सरसकट बाजूला ठेवली, कारण तेथे कर्ता बदलूनही चेहरा पुसला जात नाही.

बारा शब्दांची मर्यादा

फलकाच्या मापाचा विचार सुविचारांच्या संदर्भात क्वचितच केला जातो, आणि या शाळेतही तो उशिराच झाला. फलक १८० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच आहे आणि परिपाठाची शेवटची रांग त्यापासून सुमारे ९ मीटर अंतरावर उभी राहते. फलकलेखनात एक ढोबळ अंदाज वापरतात: सहज वाचता येण्यासाठी दर ३ मीटर अंतराला अक्षराची उंची सुमारे २.५ सेंटिमीटर हवी. म्हणजे शेवटच्या रांगेसाठी ७.५ सेंटिमीटर उंचीचे अक्षर लागते. देवनागरीत ही उंची फक्त अक्षराच्या मुख्य अंगाची झाली. वर मात्रा व वेलांटी आणि खाली उकार व जोडाक्षरे यांना आणखी जागा द्यावी लागते, त्यामुळे एका ओळीला जवळजवळ १८ सेंटिमीटर लागतात. दिनांक, वार आणि विषय यांची जागा सोडल्यावर फलकावर तीनच ओळी मावतात आणि प्रत्येक ओळीत मोकळ्या जागा धरून साधारण वीस अक्षरे बसतात. हिशेबाने सुमारे पंधरा शब्द बसू शकतात, परंतु मुलांचे हस्ताक्षर सारखे नसते. म्हणून मर्यादा बारा शब्दांची ठेवली.

मर्यादा लागू होण्यापूर्वी लांब ओळींचे काय होत असे, हे फलकाची जुनी छायाचित्रे पाहिल्यावर कळले. लिहिणारा मुलगा सुरुवातीला मोठे अक्षर काढतो, अर्ध्यावर जागा संपत आल्याचे त्याच्या लक्षात येते आणि शेवटचे तीन-चार शब्द कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, म्हणजे नेमका अर्थ ठरवणारा शब्दच वाचता येत नाही आणि 'नव्हे' किंवा 'नाही' हरवले तर ओळ उलटी होते. यावर उपाय म्हणून बाईंनी ओळी तोडण्याच्या जागाही मसुद्यातच ठरवून द्यायला सुरुवात केली, आणि वाचणारा मुलगाही त्याच जागी थांबू लागला.

खाली कोणाचे नाव

जुन्या वहीत बऱ्याच ओळींखाली थोर व्यक्तींची नावे होती. पुनर्रचनेच्या वेळी इतिहासाच्या शिक्षकांनी त्यांतील काही तपासून पाहिली. 'आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो' या आशयाची ओळ ॲरिस्टॉटलच्या नावावर होती. प्रत्यक्षात हे शब्द विल ड्युरंट यांनी १९२६ मध्ये ॲरिस्टॉटलच्या विचाराचा सारांश सांगताना लिहिलेले आहेत. 'तुमचे म्हणणे मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन' ही व्हॉल्टेअरच्या नावाने फिरणारी ओळ एव्हलिन बिअट्रिस हॉल यांनी १९०६ मध्ये व्हॉल्टेअरची भूमिका समजावून सांगण्यासाठी रचली. आइन्स्टाइन यांच्या नावावर असलेल्या दोन ओळींना तर कोणताच आधार मिळाला नाही.

यानंतर साधा नियम केला गेला. ओळ कोणत्या लेखनात किंवा भाषणात आहे हे शिक्षकाला दाखवता आले तरच खाली नाव येईल, अन्यथा ओळ नावाविना लिहिली जाईल. 'अज्ञात' असे लिहिण्याचीही गरज नसते. या नियमाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. नावाचे वजन गेल्यावर अनेक जुन्या ओळी अगदी सामान्य आहेत हे उघडे पडले आणि त्या आपोआप गळाल्या.

ओळ पोहोचली हे कसे कळते

सुरुवातीला बाई मधल्या सुट्टीत एखाद्या मुलाला "आजचा सुविचार कोणता?" असे विचारत असत. याने फक्त पाठांतर कळते, आणि पाठांतर जुन्या साच्यांचेच सर्वांत चांगले होते, कारण ते आधीपासून तोंडात बसलेले असतात. त्यांनी प्रश्न बदलला आणि "आजची ओळ कोणत्या प्रसंगाबद्दल आहे?" असे विचारायला सुरुवात केली. गुरुकिल्लीच्या ओळीवर मुले गप्प राहत किंवा "अभ्यासाबद्दल" असे ठोकून देत. भांडणाच्या ओळीवर मात्र एका मुलीने आदल्या दिवशीच्या खेळाच्या तासाची हकीकत सांगितली आणि आपण कोणाचे ऐकले नव्हते हेही सांगितले. सर्वांत लहान वर्गातील मूल आणि सर्वांत मोठ्या वर्गातील मूल यांना एकाच ओळीवर वेगवेगळे प्रसंग सांगता आले, तर ती ओळ दोन्ही वयांना चालते असे धरले गेले. उपरोधावर उभी असलेली ओळ येथे बहुधा नापास झाली, कारण लहान मुले ती सरळ अर्थाने घेतात.

सत्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ओळी मुलांनी लिहाव्यात असा प्रयोग झाला आणि तो अडखळला. मुक्त हात दिल्यावर आलेल्या ओळींपैकी बहुतेकांत 'यश' आणि 'जीवन' परत आले. यात मुलांचा दोष नव्हता. सुविचार म्हणजे असेच वाक्य, हे त्यांनी कित्येक वर्षे ऐकले होते. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी विषय न देता प्रसंग दिला: ग्रंथालयातले पुस्तक फाटलेले मिळाले आहे, त्यावर एक ओळ लिहा. मग आलेल्या ओळींतून "पान मी फाडले नाही, पण चिकटवू तर मीच शकतो" ही ओळ एकही शब्द न बदलता फलकावर गेली.

पुढील सत्रासाठी वहीची मांडणी बदलली आहे. प्रत्येक ओळीसमोर विषयाबरोबर वाक्याची घडण, ती कोणत्या आठवड्यात चालते आणि मुलांनी तिच्यावरून सांगितलेला एखादा प्रसंग यांच्यासाठी रकाने केले आहेत. कोणत्याही विषयात न मोडणाऱ्या काही ओळी राखीव ठेवल्या आहेत, कारण शाळेत एखादी दुःखद घटना घडते त्या सकाळी ठरलेली ओळ बदलावी लागते आणि त्या वेळी शोधत बसणे शक्य नसते. प्रामाणिकपणा या विषयाच्या ओळी अद्याप एकाही मसुद्यात कसोटीत उतरलेल्या नाहीत. तो विषय तोडून 'हरवलेली वस्तू सापडणे' आणि 'उत्तर पाहून लिहिणे' असे दोन लहान विषय करावेत, या प्रस्तावावर सत्राच्या पहिल्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे.